फंड 81 टक्के भरलाय, मग उरलेले 19 कुणाचे?

पत्र

"मी सातपूरच्या एका कारखान्यात 27 वर्षं टूलरूममध्ये आहे. पीएफ वेगळा, आणि त्याशिवाय कंपनीचा स्वतःचा पेन्शन ट्रस्ट आहे. गेल्या वर्षापासून कामगारांच्या बाजूने मी त्यावर ट्रस्टी आहे. परवाच्या बैठकीत पेन्शनचं देणं मोजणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीचा रिपोर्ट आला, त्यात फंडेड रेशो 81 टक्के. कंपनीच्या वार्षिक अहवालातून मात्र 92 निघतात. एचआरचे साहेब म्हणाले, दोन्ही बरोबर आहेत, आणि 80 च्या वर म्हणजे फंड ठणठणीत. आता शेअरमधला हिस्सा वाढवायचा आणि पुढच्या वर्षी डिस्काउंट रेट 7 ऐवजी 8 टक्के धरायचा, असा ठराव आहे. कँटीनमध्ये पोरं विचारतात, 'अण्णा, शंभरातले एकोणीस कुणी खाल्ले?' यंदा पंधरा जण रिटायर होतायत, त्यांची तर झोपच उडालीय. ठरावावर सही करू, की राजीनामा देऊन मोकळा होऊ?"

– एक ट्रस्टी, सातपूर

उत्तर

नमस्कार अण्णा (पोरं म्हणतात तेच मीही म्हणतो),

एकोणीस कुणी खाल्ले नसावेत. बहुधा ते फंडात कधी आलेच नाहीत. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो कळला की तुमचं निम्मं ओझं उतरेल. उरलेलं निम्मं मात्र तुम्हालाच उचलावं लागणार आहे.

आपण नाशिककर पावसाळ्यात सकाळच्या चहाबरोबर गंगापूर धरण किती टक्के भरलं ते वाचतो. त्यामुळे टक्के म्हटलं की डोळ्यांसमोर धरणच येतं. धरण 81 टक्के भरलं म्हणजे भिंत जागच्या जागी आहे, पाणी थोडं कमी आहे, इतकंच. फंडेड रेशोत मात्र भिंतच हलती असते. वरचा आकडा म्हणजे फंडात आज असलेले पैसे. खालचा आकडा म्हणजे तुम्हा सगळ्यांना पुढची तीस-चाळीस वर्षं जे पेन्शन द्यायचं आहे, त्यासाठी आज किती रक्कम हाताशी हवी याचा अंदाज. कुणाचा पगार किती वाढेल, कोण किती जगेल, फंडातले पैसे किती टक्क्यांनी वाढतील, असे सगळे अंदाज त्या एका आकड्यात दाबून बसवलेले असतात. अंदाज बदलला की फंडात एक रुपयाही न येता-जाता टक्के बदलतात.

रिपोर्टची पानं तुम्ही पाठवलेली नाहीत, म्हणून 81 आणि 92 ला बरोबर बसतील असे गोल आकडे मी धरतो. तुमचे खरे आकडे घालून हीच गणितं करून बघा. समजा फंडात ₹40.5 कोटी आहेत. अ‍ॅक्च्युअरीने ट्रस्टसाठी काढलेलं देणं ₹50 कोटी. 40.5 भागिले 50, झाले 81 टक्के. कंपनीच्या अहवालात पैसे तेवढेच, ₹40.5 कोटी, पण देणं ₹44 कोटी. म्हणून 92. म्हणजे भांडण वरच्या आकड्याचं नाहीच, खालच्या ₹6 कोटींचं आहे.

हे ₹6 कोटी कुठे गेले? वार्षिक अहवालातलं देणं हिशेबाच्या मानकाने, म्हणजे इंड-एएस 19 ने काढतात. त्यात डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे द्यायचं पेन्शन आजच्या पैशांत मोजायला धरलेला व्याजदर, कंपनीच्या मर्जीवर नसतो. 31 मार्चला सरकारी रोख्यांवर बाजारात जो परतावा मिळतो तोच घ्यावा लागतो. पगारवाढीचा अंदाज मात्र कंपनीने द्यायचा असतो, आणि मी पाहिलंय, घोळ बहुधा तिथे असतो. कंपनीने पगार वर्षाला 6 टक्क्यांनी वाढेल असं धरलं आणि ट्रस्टच्या अ‍ॅक्च्युअरीने तुमचे मागचे करार बघून 7 धरले, तर तुमच्यासारख्या, सरासरी आठेक वर्षं नोकरी उरलेल्या लोकांच्या फंडात एवढ्यानेच देणं ₹3.5 कोटींच्या आसपास वाढतं. कारण तुमचं पेन्शन शेवटच्या पगारावर ठरतं. आजवरच्या 27 वर्षांच्या नोकरीचं देणंसुद्धा उद्याच्या पगारावर मोजायचं असतं. (युनियनवाल्यांसाठी जाता जाता : करारात अंदाजापेक्षा जास्त वाढ मिळवली की पेन्शन फंडातला खड्डा त्याच दिवशी खोल होतो. कराराच्या टेबलावर हे बिल कुणी मागत नाही.)

राहिले ₹2.5 कोटी. ते अ‍ॅन्युइटीच्या भावातून येतात. आयकर मान्यता असलेल्या सुपरअ‍ॅन्युएशन ट्रस्टमध्ये सर्वसाधारणपणे ट्रस्ट स्वतः दरमहा पेन्शन वाटत बसत नाही. माणूस निवृत्त झाला की ट्रस्ट एकरकमी पैसे भरून एलआयसीकडून किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडून त्याच्या नावाची अ‍ॅन्युइटी विकत घेतो. पुढचं पेन्शन ती विमा कंपनी देते. आता समजा तुमचा एखादा सहकारी दरमहा ₹18,000 पेन्शनवर निवृत्त झाला. कंपनीच्या हिशेबात त्याची किंमत ₹28.5 लाख धरलेली आहे, पण विमा कंपनी म्हणते ₹30 लाख लागतील. विमा कंपनी माणूस जास्त जगेल असं धरते, आपला खर्च आणि नफाही त्यात घालते. तिचं चुकत नाही. पण ट्रस्टला द्यावे लागणार ₹30 लाखच. ट्रस्टचा अ‍ॅक्च्युअरी हा खरा भाव धरून चालतो, अहवाल धरत नाही.

म्हणजे साहेब म्हणाले ते खोटं नाही. 92 हा कंपनीच्या ताळेबंदासाठी काढलेला आकडा आहे, 81 हा पेन्शन खरोखर विकत घ्यायला लागणाऱ्या पैशांचा. ट्रस्टी म्हणून तुम्ही ज्याच्यावर सही करता तो दुसरा. आणि पहिला आकडा जरा गोडच आहे का, हे ओळखायची खूण अहवालातच असते. पेन्शनच्या टिपेत "अ‍ॅक्च्युअरीय नफा-तोटा" अशी ओळ असते. अंदाज प्रामाणिक असतील तर तिथे एखाद्या वर्षी नफा, एखाद्या वर्षी तोटा दिसतो. मागची चार-पाच वर्षं काढा. प्रत्येक वर्षी तोटाच दिसत असेल तर तो योगायोग नव्हे. पंधरा माणसं प्रत्येकी दीड लाखाच्या फरकाने निवृत्त झाली की ₹22.5 लाखांचा तोटा आपोआप त्या ओळीत येऊन बसतो, आणि अंदाज सुधारले नाहीत तर पुढच्याही वर्षी बसेल. त्याच टिपेत एक छोटा तक्ता असतो : डिस्काउंट रेट किंवा पगारवाढ थोडी इकडेतिकडे झाली तर देणं किती बदलेल. तो तक्ता कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा, कारण 81 आणि 92 मधलं बरंचसं अंतर त्यातून घरबसल्या काढता येतं.

वरच्या आकड्याकडेही एकदा नीट बघा, कारण 81 सुद्धा फुगलेला असू शकतो. पूर्वी मी काही वर्षं एका ट्रस्टचं दप्तर सांभाळायचो. मार्चच्या ताळेबंदात दीड कोटी "कंपनीकडून येणे" म्हणून मालमत्तेत धरलेले होते. चेक आला दिवाळीनंतर, तोही अर्धा. इंड-एएस 19 प्रमाणे कंपनीने अजून न भरलेली वर्गणी फंडाची मालमत्ता म्हणून धरताच येत नाही, पण ट्रस्टच्या स्वतःच्या ताळेबंदात ती हळूच शिरते. तुमच्या ₹40.5 कोटींत असे दीड कोटी असतील तर खरे टक्के 78 आहेत. दुसरी गोष्ट रोख्यांची. ट्रस्टच्या वहीत रोखे बहुतेक वेळा खरेदीच्या भावाने पडून असतात. चाळीत भरलेल्या कांद्याची किंमत भरताना लागलेल्या पैशांवर नाही, आज लासलगावला काय भाव निघाला त्यावर ठरते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. रोख्यांच्या बाबतीत मात्र भले भले विसरतात. आणि एखादा रोखा बुडीत निघाला असेल तर तो वहीतही पूर्ण किमतीला नको. आयएल अँड एफएसच्या रोख्यांना 2018 च्या उन्हाळ्यापर्यंत ट्रिपल-ए पत होती आणि सप्टेंबरात ती कंपनी हप्ते चुकवत होती. अनेक पीएफ आणि पेन्शन ट्रस्टांच्या कपाटात ते कागद होते.

आता त्या 80 च्या रेषेचं बघू. 80 टक्के म्हणजे ठणठणीत, हे वाक्य अमेरिकेतून फिरत फिरत आपल्याकडे आलंय. तिथल्याच अ‍ॅक्च्युअरींच्या संस्थेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजने, 2012 मध्ये टिपण काढून सांगितलं की 80 ची मर्यादा ही दंतकथा आहे. फंडाचं लक्ष्य शंभरच असायला हवं. गंमत अशी की 80 चा आकडा तिथल्या कायद्यात खरोखर आहे, पण शाबासकी म्हणून नाही. खासगी कंपनीचा फंड 80 च्या खाली गेला की निवृत्त होणाऱ्याला एकरकमी पैसे काढून देण्यावर निम्म्याची मर्यादा येते, आणि 60 च्या खाली गेला की एकरकमी देणं पूर्ण बंद होतं, शिवाय पुढच्या नोकरीवर नवं पेन्शन जमा होणंही थांबतं. ही रेषा का आखली असेल? त्याचं उत्तर तुमच्या पंधरा रिटायर होणाऱ्यांत आहे.

तुम्ही लिहिता त्यांची झोप उडालीय. खरं तर सगळ्यात निवांत झोपायला हरकत नाही ती त्यांनीच. ट्रस्ट त्या प्रत्येकासाठी पुरे ₹30 लाख भरून अ‍ॅन्युइटी घेईल आणि ते या फंडातून बाहेर पडतील. पंधरा गुणिले तीस लाख, ₹4.5 कोटी. आता उरलेल्यांचा हिशेब करा. फंडात राहिले ₹36 कोटी, देणं राहिलं ₹45.5 कोटी. रेशो झाला 79. असे पंधरा-पंधरा जण तीन वर्षं बाहेर पडले आणि बाकी काहीच बदललं नाही असं धरलं, तर फंडात ₹27 कोटी आणि देणं ₹36.5 कोटी. रेशो 74. पैसे कुणी खाल्ले नाहीत, बाजार पडला नाही, कुणी चूक केली नाही, तरी टक्के खाली आले. कारण तुटीच्या फंडातून जो माणूस शंभर टक्के घेऊन जातो, त्याच्या वाट्याची तूट मागे राहिलेल्यांच्या अंगावर पडते. भिशीत आधी नंबर लागलेले पूर्ण रक्कम घेऊन गेले आणि हप्ते आटले की शेवटच्याच्या हातात काय पडतं, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तुमच्या फंडातले 19 टक्के सगळ्यांचे सारखे गेलेले नाहीत. ते सगळ्यात तरुण पोरांच्या नावावर सरकत चाललेत. कँटीनमध्ये प्रश्न विचारणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नाही, पण त्यांनी प्रश्न बरोबर विचारलाय. आणि इथे ट्रस्टी म्हणून तुमच्यावर एक बंधन आहे. भारतीय न्यास कायदा, 1882 चं कलम 17 म्हणतं की लाभार्थी एकाहून जास्त असतील तर ट्रस्टीने निःपक्षपाती राहायचं. तुम्ही कामगारांच्या बाजूने निवडून आलात, पण टेबलावर बसल्यावर तुम्ही 58 वर्षांच्या माणसाचेही आहात आणि 28 वर्षांच्या पोराचेही.

याचा अर्थ पंधरा जणांचं पेन्शन कापा असा नाही. ट्रस्टच्या दस्तात, म्हणजे डीडमध्ये, अधिकार नसताना तसं करताही येत नाही. पण कंपनीकडे एक साधी मागणी करता येते : जो निवृत्त होईल त्याच्या वाट्याची तूट कंपनीने त्याच दिवशी भरायची. ₹30 लाखांचे 19 टक्के म्हणजे ₹5.7 लाख. पंधरा जणांचे ₹85.5 लाख. मग फंडातून जातील प्रत्येकी ₹24.3 लाख, एकूण साधारण ₹3.65 कोटी. मागे उरतील ₹36.85 कोटी आणि देणं ₹45.5 कोटी. भागून बघा, पुन्हा 81. तूट भरली गेली नाही, पण ती मागच्यांच्या अंगावर सरकायची थांबली. मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी हीच मागणी लावली असती.

आता तुमच्यापुढचे ठराव. शेअरमधला हिस्सा वाढवून तूट भरेल का? अशा ट्रस्टांसाठी 2015 पासून लागू असलेल्या सरकारी गुंतवणूक नमुन्यात शेअरना 5 ते 15 टक्क्यांची जागा आहे. आज 10 टक्के असतील असं धरू. 15 वर नेले म्हणजे ₹40.5 कोटींतले दोनेक कोटी हलले. शेअरनी रोख्यांपेक्षा दरवर्षी 5 टक्के जास्त दिले, म्हणजे फार चांगली वर्षं गेली, तर वरकमाई ₹10 लाख. तुमची तूट आहे ₹9.5 कोटी, आणि ती नुसती पडून राहिली तरी 7 टक्क्यांनी वर्षाला ₹66.5 लाखांनी वाढते. दहा लाखांनी सहासष्ट लाखांचं भोक बुजत नाही. उलट बाजार 30 टक्के पडला तर त्याच दोन कोटींतले ₹60 लाख गेले. शेअर वाईट असं मी म्हणत नाही. दीर्घ पल्ल्याच्या फंडात ते असावेतच. पण तूट भरायचा उपाय म्हणून हा ठराव मांडला असेल तर तो उपाय नाही.

डिस्काउंट रेट 7 वरून 8 करणं तर त्याहून सोपं, कारण त्यात काहीच करावं लागत नाही. तुमच्यासारख्या फंडात एक टक्का वाढवला की ₹50 कोटींचं देणं ₹45.5 कोटींच्या आसपास येतं. रेशो 81 वरून थेट 89, पेनाच्या एका रेघेत. विमा कंपनी मात्र उद्याही ₹30 लाखच मागणार. बाजारातले व्याजदर खरोखर चढले असतील, अ‍ॅन्युइटी स्वस्त झाली असेल, तर रेट वाढवायला काहीच हरकत नाही. म्हणून अ‍ॅक्च्युअरीला एवढंच विचारा : "8 टक्के धरण्यासाठी तुम्ही कोणता पुरावा बघितलात, आणि या रेटने काढलेल्या किमतीला विमा कंपनी आज अ‍ॅन्युइटी देईल का?" उत्तर लेखी मागा. चांगला अ‍ॅक्च्युअरी या प्रश्नाने दुखावत नाही. त्याला कंपनीच्या दबावापुढे उभं राहायला तो प्रश्न उपयोगीच पडतो.

मग तूट भरते कशी? मुळात एकच मार्ग, कंपनीने जादा पैसे भरायचे, आणि खरी घासाघीस किती वर्षांत यावर होते. ₹9.5 कोटी 7 टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर दरवर्षी ₹2.32 कोटी लागतात. दहा वर्षांत फेडायचे तर ₹1.35 कोटी. हे दर वर्षीच्या नेहमीच्या वर्गणीवर, जादा. वर सांगितलेले ₹85.5 लाख या हप्त्यातच वळते करता येतील. कंपनी "आम्ही दरवर्षी पन्नास लाख जादा टाकू" म्हणाली तर टाळ्या वाजवू नका. साडेसहासष्ट लाखांच्या व्याजालाही ते पुरत नाहीत, तूट वाढतच राहते. हप्ता, तारीख आणि चुकला तर व्याज, हे ठरावात लिहून घ्या. हप्ता तिमाही असला तर उत्तम. वर्षातून एकदा मार्चमध्ये मिळणाऱ्या आश्वासनाचं काय होतं ते मी वर सांगितलंच. एका वेळी मोठी रक्कम भरायची असेल तर आयकरातल्या वर्गणीच्या मर्यादा आड येतात का, हे ऑडिटरकडून आधी तपासून घ्या, नाहीतर तीच सबब पुढे येईल.

कंपनी दहा वर्षं मागत असेल तर दहा वर्षं ती टिकेल याची काहीतरी हमी मागा. बँक गॅरंटी सर्वांत स्वच्छ. प्लॉट तारण देतो म्हणाले तर भुलू नका. एमआयडीसीची जमीन लीजवर असते, गहाण ठेवायला एमआयडीसीची परवानगी लागते, आणि त्यावर आधीच बँकेचा बोजा असण्याची शक्यता दाट. ब्रिटनमध्ये फंडात तूट आली की ट्रस्टी आणि कंपनीला भरपाईचं वेळापत्रक करून पेन्शन नियामकापुढे ठेवावं लागतं, आणि कंपनी बुडालीच तर बरंचसं पेन्शन देणारा वेगळा संरक्षण फंड 2005 पासून आहे. आपल्याकडे खासगी कंपन्यांच्या अशा ट्रस्टांसाठी तसा फंड नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेने पेन्शन फंडातून कामगारांना येणं असलेले पैसे लिक्विडेशनच्या मालमत्तेबाहेर ठेवलेत, हा मोठा आधार आहे. पण जे पैसे फंडात कधी आलेच नाहीत त्यांच्यासाठी तेव्हा वकिलामागे फिरावं लागतं. म्हणून कंपनी चालू आहे तोवरच पैसे आणून घ्यायचे.

आणखी एक वाट असते, पुढचा लाभ कमी करण्याची. ती गाजावाजा न करता येते, म्हणून ओळखायला शिका. तुमच्या पीएफसोबतची पेन्शन योजना, ईपीएस-95, घ्या. सप्टेंबर 2014 पासून तिथे पेन्शनपात्र पगार शेवटच्या 12 महिन्यांऐवजी 60 महिन्यांच्या सरासरीवर धरला जाऊ लागला. टक्केवारी तीच, सूत्र तेच, फक्त सरासरी लांबवली, आणि पगार चढता असेल तर पेन्शन उतरलं. तुमच्या ट्रस्टमध्ये "व्याख्येत किरकोळ दुरुस्ती" असा ठराव आला तर आधी "पगार" या शब्दाची व्याख्या उघडा. कधीकधी असा बदल खरंच लागतो, आणि पुढच्या नोकरीपुरता, सगळ्यांना विचारून केला तर तो अन्यायही नसतो. आजवर झालेल्या नोकरीच्या पेन्शनला हात लावायला मात्र मी कधीच सही करणार नाही.

हे सगळं मागायचा हक्क तुम्हाला आहे का, ते एका कागदावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही बहुधा अजून वाचलेला नाही : ट्रस्ट डीड आणि त्यासोबतचे नियम. त्यातलं कंपनीच्या वर्गणीचं कलम शोधा. बँकांच्या 1995 च्या पेन्शन विनियमांत बँकेने दर 31 मार्चला अ‍ॅक्च्युअरीकडून फंडाची तपासणी करून घ्यायची आणि पेन्शन देण्यासाठी लागेल ती जादा वर्गणी भरायची, असं बंधनच घातलंय. तुमच्या डीडमध्ये "अ‍ॅक्च्युअरी प्रमाणित करेल तेवढी वर्गणी कंपनी भरेल" अशा अर्थाचं वाक्य असेल तर तुम्ही विनंती करत नाही, वसुली करता. "कंपनी वेळोवेळी ठरवेल तेवढी" असं असेल तर तुमचं बळ कमी, आणि मग पुढच्या वेतन करारात हे कलम घालून घेणं युनियनचं काम. दोन वाक्यांत दोन-तीन शब्दांचा फरक असतो, ₹9.5 कोटी त्यावर टांगलेले असतात.

सहीबद्दल. शेअरचा ठराव आणि डिस्काउंट रेटचा ठराव एकत्र बांधून आला असेल तर वेगळा करायला सांगा. ज्याला तुमची संमती नाही त्यावर विरोध नोंदवा, कारणासह, आणि इतिवृत्तात ती नोंद आली की नाही हे पुढच्या बैठकीत वाचून बघा. तोंडी "माझा विरोध आहे" म्हटलेलं दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. राजीनामा द्यायचा असेल तर जरूर द्या, पण त्याने आजवर तुमच्या सहीने झालेल्या गोष्टींची जबाबदारी पुसली जात नाही, आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसेल हेही तुमच्या हातात राहत नाही.

कँटीनचं मात्र थांबवू नका. न्यास कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लाभार्थ्याने मागितली तर ट्रस्टच्या मालमत्तेची पूर्ण आणि अचूक माहिती द्यावी लागते. त्यामुळे "गोपनीय आहे" हे उत्तर फार टिकत नाही. फक्त नुसता 81 हा आकडा सांगू नका, त्याने अफवा पसरतात. फळ्यावर चार आकडे लिहा : फंडात किती आहेत, किती लागतील, यंदा निवृत्त होणाऱ्यांना किती जातील, कंपनी जादा किती भरणार. चौथ्यापुढे आज बहुधा शून्य लिहावं लागेल. तेही लिहा. शक्य असेल तर अ‍ॅक्च्युअरीला शिफ्ट बदलताना अर्धा तास बोलवा. मराठीत बोलणारा असेल तर उत्तम, नसेल तर तुम्ही भाषांतर करा, तुम्हाला आता जमेल.

बैठकीआधी डीडची झेरॉक्स मिळवा. वर्गणीचं कलम काढून त्याच्या मूळ शब्दांसकट मला पुन्हा लिहा. पुढचं उत्तर त्या शब्दांवर ठरेल.